मायक्रोवेव्हच्या छतावरची तर्री: वाफेने काय निघतं, काय निघत नाही आणि वास मागे का राहतो

‘काचेच्या वाटीत पाणी, त्यात अर्धं लिंबू, पाच मिनिटं आणि मायक्रोवेव्ह नव्यासारखा’ हा व्हिडिओ वर्षातून दोनदा तरी प्रत्येक घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतोच, दिवाळीच्या साफसफाईच्या आधी तर हमखास. करून पाहिलेल्यांचे दोन तट पडतात. काही म्हणतात, खरंच डाग निघाले. बाकीच्यांचा अनुभव असा की डाग जागच्या जागी राहिले आणि रश्श्याचा वास उलट जास्तच यायला लागला. विशेष म्हणजे दोघंही खरं सांगत असतात. व्हिडिओत दाखवलेली पाच मिनिटं हा या कामाचा फक्त पहिला भाग आहे. पुढचा भाग दाखवायला कंटाळवाणा असतो, म्हणून तो कापलेला असतो.

नागपुरात हा प्रश्न जरा जास्तच पेटतो, कारण आपल्याकडे मायक्रोवेव्हमध्ये गरम होतं ते बहुतेक वेळा वर तेल तरंगणारं काहीतरी असतं. काल उरलेला सावजी रस्सा, पोह्यांवरची चन्याची तर्री, पाटवडी रस्सा. छताला डाग कसे पडतात इथपासून सुरुवात केली, तर ते कसे काढायचे हे आपोआप कळत जातं.

छतापर्यंत रस्सा उडतो कसा

मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नातल्या पाण्याला सगळ्यात जोरात तापवतात. तेलालाही तापवतात, पण त्या मानाने कमी. रश्श्याच्या वाटीत खाली खसखस-खोबऱ्याचं दाट वाटण असतं आणि वर तर्रीचा थर. खालचं पाणी तापून वाफ होते, तिला वर यायचं असतं, पण दाट वाटणातून ती सहज सुटत नाही आणि वरून तेलाचं झाकण असतं. मग ती एका जागी साठते आणि एकदम फुटते. ‘फट्’ असा आवाज येतो तेव्हा तेल, तिखट, हळद आणि वाटण यांचे बारीक थेंब छतापर्यंत गेलेले असतात. वरणाचं तसं होत नाही असं नाही, पण तर्रीचा नेम अचूक असतो.

आता हे थेंब ज्या भिंतीवर बसले ती भिंत धातूची आहे, वर रंग किंवा इनॅमलचा थर. धातू या लहरी परतवून लावतो, त्यामुळे भिंत स्वतः तापत नाही. ती तापते फक्त आतल्या गरम हवेने आणि वाफेने. म्हणून थेंब लगेच करपत नाही, तो हळूहळू वाळतो. पाणी उडून जातं, मागे राहतात वाटणातले स्टार्च आणि प्रथिनं. दोन्ही वाळले की डिंकासारखे घट्ट धरतात. त्यांच्यात तेल अडकून राहतं. त्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा थेंब, तिसऱ्या दिवशी तिसरा.

परातीत वाळलेली कणीक आठवा. नखाने खरवडली तर परात खराब होते आणि कणीक तिथेच राहते. पाणी घालून ठेवली की थोड्या वेळाने बोटानेही निघते. मायक्रोवेव्हची अडचण एवढीच की छतावर पाणी घालून ठेवता येत नाही. वाफ नेमकी हीच अडचण सोडवते, ती पाणी छतापर्यंत नेऊन ठेवते.

वाफ पुसत नाही, भिजवते

वाफ गार पृष्ठभागावर आदळली की तिचं पुन्हा पाणी होतं. याला संघनन म्हणतात. भाताच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जे थेंब दिसतात, ते याचेच. संघनन होताना वाफ आपल्यातली उष्णता त्या जागी सोडून देते, आणि ही उष्णता थोडीथोडकी नसते. 1 ग्रॅम उकळतं पाणी 40 अंशांपर्यंत निवलं तर 60 कॅलरी उष्णता देतं. 1 ग्रॅम वाफेचं नुसतं पाणी होतानाच 540 कॅलरी सुटतात. म्हणजे गरम पाण्याचं फडकं फिरवून जे होतं, त्याच्या कितीतरी पट ऊब वाफ डागाला नेऊन देते, आणि वर पाणीही.

इथे मघाची गोष्ट उपयोगी पडते. भिंती लहरींनी तापत नाहीत, म्हणून त्या वाफेपेक्षा गार राहतात, म्हणून वाफ त्यांच्यावर बसते. यातून एक साधा नियम निघतो: हा प्रयोग मायक्रोवेव्ह गार असताना करायचा. नुकताच रस्सा गरम करून झाला आहे, किंवा कन्व्हेक्शनवर केक भाजून झाला आहे, आणि लगेच वाफ केली, तर भिंती आधीच तापलेल्या असतात. वाफ त्यांच्यावर बसत नाही, जाळीतून बाहेर निघून जाते. डाग कोरडाच राहतो.

दुसरा नियम वेळेचा. मायक्रोवेव्ह चालू असताना आतला पंखा हवा खेळवत असतो, त्यामुळे बरीच वाफ बाहेर फेकली जाते. डाग भिजण्याचं खरं काम मशीन बंद झाल्यावर, दार बंद असताना होतं. व्हिडिओत कापलेला भाग तो हा. ‘टिंग’ वाजल्यावर दार उघडलं की साठलेली वाफ स्वयंपाकघरात आणि काम अर्धवट. दार उघडायचं नाही, 10 मिनिटं तरी. डाग जुने असतील तर 15.

पाणी किती, वेळ किती

घरात साधारण 20 ते 23 लिटरचा, 800 वॅटचा मायक्रोवेव्ह असतो असं धरू. रुंद तोंडाच्या काचेच्या बोलमध्ये एक कप, म्हणजे 250 मिली पाणी घ्यायचं. रुंद तोंड यासाठी की वाफ सुटायला जागा मिळते आणि उकळी आली तरी पाणी बाहेर येत नाही. सोनेरी किंवा चंदेरी काठाचं भांडं नको, त्या काठावर ठिणग्या उडतात. पूर्ण पॉवरवर हे पाणी उकळायला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. त्यानंतर तीन मिनिटं ते उकळत राहू दिलं, की साधारण 50 मिली पाण्याची वाफ होते. छत, तीन भिंती आणि दार ओलं करायला तेवढी पुरते. नागपुरात मे महिन्यात टाकीचं पाणी नळातूनच चहासारखं येतं, तेव्हा उकळी लवकर फुटते. अशा वेळी अर्धा मिनिट कमी केला तरी चालेल. घड्याळापेक्षा दाराच्या काचेकडे बघा. काच आतून पूर्ण धुरकट होऊन तिच्यावरून थेंब ओघळायला लागले, म्हणजे वाफ पुरेशी झाली.

पाण्यात एक लाकडी चमचा किंवा निदान एक टूथपिक टाकायची. ही काही शोभेसाठी नाही. गुळगुळीत, नव्या काचेच्या भांड्यात पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही शांत राहू शकतं, कारण बुडबुडा सुरू व्हायला जागाच मिळत नाही. याला अतितप्त पाणी म्हणतात. दिसायला ते न उकळलेलं असतं. तुम्ही भांडं हलवलं, चमचा घातला किंवा त्यात चिमूटभर सोडा टाकला, की सगळं एकदम उसळून हातावर येतं. लाकडाच्या बारीक छिद्रांत हवा असते, तिथून बुडबुडे सुरू होतात आणि पाणी नीट उकळतं. पाच मिनिटं झाली आणि पाणी अगदी संथ दिसतंय, तर हात आत घालू नका. तसंही 10 मिनिटं थांबायचंच आहे, तेवढ्यात धोका टळतो.

लिंबू की व्हिनेगर, आणि त्याने होतं काय

लिंबातलं आम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल. ते वाफेबरोबर उडत नाही. पाणी उकळून गेलं तरी आम्ल बोलमध्येच राहतं. छतावर पोचतो तो फक्त सालीतल्या तेलाचा वास. म्हणून लिंबाचा खरा उपयोग वाफेत नाही, बोलमध्ये उरलेल्या गरम पाण्यात आहे. पुसायला तेच पाणी वापरायचं. बहुतेक जण ते बेसिनमध्ये ओतून देतात आणि कोरड्या फडक्याने घासत बसतात.

व्हिनेगरचं आम्ल मात्र थोडंसं वाफेबरोबर जातं, म्हणून पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घातलं तर आम्ल भिंतीपर्यंत पोचतं. त्याचा वास नाकात जातो खरा, पण दार उघडं ठेवलं की तासाभरात विरतो. मासे किंवा सुकट गरम झाली असेल तर मी व्हिनेगरच घेईन. एरवी लिंबू पुरे. हिवाळ्यात घरोघरी संत्री असतात. तेव्हा संत्र्याच्या साली टाकायलाही हरकत नाही, मात्र रस नको. रसात साखर असते आणि ती वाळून चिकट राहते. सालीने डाग निघतात असं मात्र समजू नका, तिचं काम सुगंधापुरतं.

लिंबू काय किंवा व्हिनेगर काय, तेलाला कोणीच धुत नाही. तेल काढतो साबण. तो बोलमध्ये घालायचा नाही, फेस होऊन सगळं बाहेर येईल. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या फडक्यावर घ्यायचा.

एका घरातली गोष्ट

आमच्या ओळखीच्या एक वहिनी मानेवाड्याला राहतात. साधा 20 लिटरचा मायक्रोवेव्ह, ग्रिल नाही, कन्व्हेक्शन नाही. घरात दोन कॉलेजातली पोरं. रविवारचा सावजी चिकनचा रस्सा बुधवारपर्यंत पुरवायचा आणि प्रत्येक जण आपापली वाटी झाकण न ठेवता गरम करणार. छतावर लालसर-तपकिरी ठिपके, उजव्या भिंतीवर ओघळ. वहिनी म्हणाल्या, “लिंबाचं पाणी करून पाहिलं जी, पण दार उघडलं की रश्श्याचाच वास येते. आता तर चहासुद्धा तिखट लागते.”

त्यांनी केलं काय होतं? रात्री जेवणं आटोपल्यावर, म्हणजे शेवटची वाटी गरम झाल्या झाल्या, वाफ केली. टिंग वाजताच दार उघडलं आणि भिंती कोरड्या कपड्याने पुसल्या. वाफेने तेल मऊ झालं होतं, ते कपड्याने सगळीकडे पसरलं. डाग फिके झाले, पण तेलाचा पातळ थर सगळ्या भिंतींवर बसला. वास का वाढला याचं उत्तर यातच आहे.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन गार असताना केलं. काचेची फिरती प्लेट आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढून ठेवली नाही, कारण वाफ त्यांनाही लागू द्यायची होती. कप भर पाणी, एका लिंबाचा रस, लाकडी चमचा. पाच मिनिटं पूर्ण पॉवर, मग पंधरा मिनिटं दार बंद. त्यानंतर प्लग काढला आणि पुसायला सुरुवात केली ती छतापासून. हा क्रम चुकवू नये, कारण छतावरचं पाणी खालीच गळतं. बोलमधल्या गरम पाण्यात सुती फडकं बुडवून घट्ट पिळायचं, त्यावर लिक्विडचा थेंब. पहिल्या हातातच फडकं केशरी झालं. मोठे ठिपके कडेने सुटले होते, मधला भाग अजून धरून होता. तिथे पिळलेलं गरम फडकं दोन मिनिटं नुसतं दाबून धरलं, मग तोही निघाला. त्यानंतर साध्या पाण्याचं फडकं दोनदा, आणि कोरडं एकदा.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्याने करा. वाफेचं पाणी क्षारमुक्त असतं, तिचे डाग पडत नाहीत. भिंतीवर नंतर जे पांढरे ठिपके दिसतात, ते पुसायच्या जड पाण्याचे.

एवढं करूनही वास थोडा राहिलाच. प्लेट उचलली तर उत्तर सापडलं. चाकांची रिंग ज्या खोलगट वाटेवर फिरते, तिथे तेलाची गडद कडा साचली होती आणि चाकांच्या आसाभोवती चिकट काळपट पदार्थ. वाफ तिथे पोचते, पण प्लेटच्या सावलीत कमी. रिंग आणि प्लेट गार झाल्यावर बेसिनमध्ये घासली (गरम काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते), खोबणी टूथब्रशने काढली. दाराच्या कडेला, रबरासारखी पट्टी जिथे बसते, तिथेही तेवढंच निघालं. दाराची ही कड स्वच्छ असणं वासापुरतं नाही. तिथे अन्न साचलं तर दार नीट टेकत नाही आणि ते टेकलं नाही तर मशीन वापरू नये.

वास नेमका कुठे राहतो

वास म्हणजे हवेत उडणारे बारीक रेणू. कांदा, लसूण, मसाले यांचे बहुतेक वासाचे रेणू तेलात विरघळतात. भिंतीवर तेलाचा पातळ थर असेपर्यंत ते त्यात मुरून राहतात, आणि पुढच्या वेळी काहीही गरम केलं की थोडे थोडे बाहेर येतात. वहिनींचा चहा तिखट लागत होता तो यामुळे. मशीन गार असताना वास येत नाही आणि गरम केल्यावर येतो, तर तेल कुठेतरी शिल्लक आहे असं समजायचं. तपासायला एका कपात साधं पाणी घेऊन दोन मिनिटं गरम करा आणि दार उघडून लगेच वास घ्या. नाक प्लेटखाली, छताशी, आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी करडी पट्टी असते तिच्याजवळ नेऊन पाहिलं तर जागाही कळते.

हेच कारण वाफ केल्याबरोबर वास वाढण्याचं. वाफेने तेल तापतं, मुरलेले रेणू सुटतात. त्या वेळी वास वाढणं चांगलं लक्षण आहे, फक्त ते तेल लगेच पुसून बाहेर काढलं पाहिजे. वाफ करून तसंच सोडून दिलं, की ते सगळं पुन्हा भिंतीवर जाऊन बसतं.

आता राहिलेल्या वासाचं. माशाचा वास अमाइन नावाच्या द्रव्यांचा असतो, ती आम्लाने बांधली जातात. म्हणून माशाला लिंबू लावतो. तिथे व्हिनेगरच्या पाण्याचं फडकं चांगलं काम करतं. उलट दूध उतू जाऊन आंबलं असेल तर तो वासच आम्लाचा, त्याला लिंबाचा उपयोग नाही, खायचा सोडा लागतो. कांदा-लसणाचा वास गंधकाच्या द्रव्यांचा. त्यावर ना लिंबाचा जोर चालतो ना सोड्याचा. तेल काढा आणि हवा खेळू द्या, एवढाच इलाज. सावजीत हाच वास जास्त असतो, म्हणून लिंबाच्या व्हिडिओवर नागपूरकर जास्त चिडतात.

रात्रभर आत सोडा ठेवायचा असेल तर वाटीत नको, ताटलीत पातळ पसरून ठेवा, हवेला जितका जास्त भाग मिळेल तितकं बरं. सगळ्या वासांसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पिशवी त्याहून चांगली. पण सकाळी आठवणीने बाहेर काढा, कारण कोळसा लहरींनी भराभर तापतो आणि लाल होतो. दारावर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा, घरात सगळ्यात आधी उठणारा चहा गरम करायला उभाच असतो. कॉफी पावडर ठेवण्याने एक वास दुसऱ्यामागे लपतो, जात नाही.

आणि पुसून झाल्यावर दार निदान तासभर उघडं. पावसाळ्यात ओला मायक्रोवेव्ह बंद केला की कुबट वास येतो आणि मग लोक पुन्हा लिंबू शोधतात. प्लग काढून ठेवा, दार उघडं असताना बऱ्याच मशीनमध्ये आतला दिवा जळत राहतो. कोरडं झालं की मात्र दार लावा. रात्रभर उघडं राहिलं तर झुरळांना आमंत्रण.

“पण सोडा आणि व्हिनेगर मिसळलं की फेस येतो, तोच तर साफ करतो ना?”

फेस दिसायला जोरदार, पण तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या वेळी. आधी वाफ आणि लिंबाचं पुसणं. जो डाग हटला नाही त्यावर मग खायचा सोडा आणि थोडं पाणी यांची घट्टसर पेस्ट लावून वीस मिनिटं ठेवायची. सोड्याचे कण काचेपेक्षा आणि इनॅमलपेक्षा मऊ असतात, त्यामुळे हलक्या हाताने घासलं तर ओरखडे पडत नाहीत.

हळदीच्या डागावर ही पेस्ट लावली की डाग एकदम लालसर होईल. घाबरू नका. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच क्रिया. लिंबाचं फडकं फिरवलं की तो परत पिवळा होतो. पिवळेपणा काढायला खरं औषध ऊन आहे. हळदीचा रंग प्रकाशात तुटतो. प्लास्टिकची रिंग पिवळी पडली असेल तर धुऊन, पुसून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. आपल्याकडे ऊन विकत आणावं लागत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी मात्र नको, प्लास्टिक वाकलं तर रिंग फिरायची नाही. सकाळचं ऊन पुरे.

“तारेच्या घासणीने एकदाच घासून टाकलं तर?”

रंगाचा थर जातो आणि खालचा पत्रा उघडा पडतो. ओल्या वाफेत तो गंजतो, गंजाच्या कडेवर ठिणगी उडते. घासणीचा तुटलेला बारीक तुकडा कोपऱ्यात राहिला तरी तेच. प्लास्टिकचा जुना एटीएम कार्डसारखा तुकडा घेऊन भिजलेला डाग तिरक्या हाताने उचलायला हरकत नाही. भट्टी साफ करायचे कास्टिक असलेले स्प्रे या मशीनसाठी नाहीत, ते रंग खातात. ब्लीच आत शिंपडू नका, आणि व्हिनेगरच्या आगेमागे तर नाहीच, दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो.

“आमचा कन्व्हेक्शनवाला आहे, वाफेने काहीच निघत नाही”

तिथे वाफेची मर्यादा येते. कन्व्हेक्शनमध्ये आतली हवा 180-200 अंशांपर्यंत जाते. त्या तापमानाला भिंतीवरचं तेल हवेशी संयोग पावतं आणि त्याचा कडक, पारदर्शक तपकिरी थर बनतो, कढईच्या पाठीवर असतो तसाच. तो भिजत नाही. पाण्यात विरघळेल असं त्यात काही उरलेलंच नसतं. बोट फिरवा. डाग खडबडीत आणि भुसभुशीत वाटला तर तो वाळलेला रस्सा आहे, वाफेने जाईल. गुळगुळीत, काचेसारखा लागला तर तो भाजलेलं तेल, वाफेने जाणार नाही. त्यावर सोड्याची पेस्ट, वर ओलं फडकं म्हणजे ती वाळणार नाही, तासभर थांबून पुसायचं आणि हे काही दिवस थोडं थोडं करायचं. पूर्ण जाईलच असं नाही. पण त्या थराला फारसा वासही नसतो, म्हणून तो दिसण्यापुरता राहिला तर मी त्याच्या मागे लागणार नाही. वरच्या ग्रिलच्या सळीला हात लावायचा तो गार असतानाच. पेस्ट तिच्यावर लावू नका, ओल्या फडक्याने पुसा.

उजव्या भिंतीवरची ती करडी पट्टी

आतल्या भिंतीवर, बहुधा उजवीकडे, पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक चौकोनी पट्टी असते. अनेकांना ती नुसतं स्टिकर वाटते. ती अभ्रकाची असते, मेकॅनिक तिला मायका शीट म्हणतात. लहरी तिच्यामागच्या नळीतून येतात आणि अन्नाची वाफ, तेल त्या नळीत जाऊ नये म्हणून ही आडवी लावलेली असते. वाफेच्या सफाईत तिच्यावर पाणी बसणारच. ते कोरड्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका, ती पापुद्र्यांनी सुटते. सफाईनंतर ती पूर्ण वाळल्याशिवाय मशीन चालवू नका.

हिच्यावर तेल मुरलं आणि तसंच चालवत राहिलं, तर तेल तिथे करपून कोळसा होतं. कोळसा लहरी खेचून घेतो, आणखी तापतो, आणि एक दिवस आतून चटचट आवाज, निळसर ठिणग्या आणि जळका वास. असं झालं तर लगेच बंद करा. पट्टीवर काळा डाग किंवा भोक दिसेल. हा वास कितीही वाफ केली तरी जाणार नाही, पट्टीच बदलावी लागते. ते काम अवघड नाही, ती एखाद्या स्क्रूवर किंवा प्लास्टिकच्या खिळीवर बसवलेली असते. पट्टी चांगली आहे, तरी मागच्या जाळीतून किंवा बाहेरच्या पत्र्याखालून जळका वास येतोय, तर मात्र मेकॅनिकला बोलवा. पत्रा स्वतः उघडू नका. आत जो कपॅसिटर असतो तो प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.

नवी शीट बर्डीवर सुट्या भागांच्या दुकानात मिळते. जुना तुकडा सोबत न्या, भोकं कुठे आहेत तेही दुकानदाराला दाखवता येईल. मोठी शीट मिळाली तर जुन्या मापाने कात्रीने कापा, कडा गुळगुळीत करा आणि मूळ जागीच बसवा. नवीन मिळेपर्यंत पट्टीशिवाय चालवण्याचा मोह टाळा, नाहीतर पुढची तर्री थेट त्या नळीत जाईल, आणि तिथे फडकं पोचत नाही.